मदत हवी आहे: हृदयचक्राच्या ग्राफवरून झडपा कधी बंद असतात ते कसं ओळखायचं?

रिपीटर_लातूर
नीटच्या सराव पेपरातला प्रश्न आहे. डाव्या बाजूच्या दाबाच्या तीन रेषा दिल्यात: अलिंद, निलय आणि महाधमनी. आडव्या अक्षावर 0 ते 0.8 सेकंद. निलयाची रेषा 0.10 ला अलिंदाच्या रेषेच्या वर जाते, 0.15 ला महाधमनीच्या वर, 0.40 ला महाधमनीच्या खाली येते आणि 0.48 ला अलिंदाच्याही खाली. विचारलंय, दोन्ही झडपा एकाच वेळी बंद असण्याचा एकूण काळ किती? निलयाचं आकुंचन 0.10 ते 0.40 चालतं म्हणून मी 0.30 लिहिलं. उत्तरसूचीत 0.13 आहे. छपाईची चूक असेल का?

गोदाकाठ
चूक नसेल. आकुंचन सुरू झालं की लगेच रक्त बाहेर पडत नाही, आधी दाब चढावा लागतो. दाब 120 ला गेला की महाधमनीची झडप उघडते, तोवर दोन्ही बंद. पण तसं धरलं तरी 0.13 काही येईना.

शरीरक्रिया_अंबाजोगाई
येणार नाही, कारण 120 हे शिखर आहे आणि शिखरावर कुठलीच झडप हलत नाही. झडप तिच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक ओळखते, बस. द्विदल झडपेसाठी अलिंद आणि निलय या दोनच रेषा बघायच्या. महाधमनीच्या झडपेसाठी निलय आणि महाधमनी. तिसरी रेषा तेवढ्यापुरती हाताने झाका.

आता पट्टी उभी धरून चारही छेदांतून खाली रेघ ओढा. 0.10 ला निलयाचा दाब अलिंदापेक्षा जास्त झाला, द्विदल झडप मिटली, पहिला आवाज ‘लब’. महाधमनीत त्या वेळी सुमारे 80 मिमी दाब आहे, म्हणून तिची झडप आधीपासून बंदच. निलय बंद खोलीत दाब चढवतं आणि 0.15 ला 80 ओलांडतं, तेव्हा ती उघडते. हे झाले 0.05 सेकंद. 0.40 ला निलयाचा दाब महाधमनीच्या खाली आला, ती झडप मिटली, ‘डब’. पण निलयाचा दाब अजून अलिंदापेक्षा बराच वर आहे, त्यामुळे द्विदल झडप 0.48 पर्यंत उघडत नाही. हे 0.08. बेरीज 0.13.

तुमच्या 0.30 मधल्या 0.25 सेकंदांत महाधमनीची झडप सताड उघडी होती, आणि शिथिलनातले 0.08 तुम्ही मोजलेच नाहीत. खाली आकारमानाची रेषा दिली असेल तर पडताळा सोपा आहे: दोन्ही झडपा बंद असताना ती सपाट असते, आधी 120 मिलीवर, नंतर 50 वर.

गोदाकाठ
म्हणजे 80 ला उघडते, 120 ला नाही. बरं. पॅपिलरी स्नायू ओढतात म्हणून द्विदल झडप उघडते ना पण?

शरीरक्रिया_अंबाजोगाई
नाही, उघडतो तो दाबच. ते स्नायू आकुंचनात दोऱ्या ताणून धरतात, म्हणजे मिटलेली झडप अलिंदात उलटत नाही.

परभणीचा_बाळू
मधेच विचारतो, राग नका मानू. वडिलांच्या टूडी इकोमध्ये ईएफ 60 टक्के आलंय. म्हणजे 40 टक्के हृदय बंद आहे का? घरचे सगळे घाबरलेत.

शरीरक्रिया_अंबाजोगाई
तसा अर्थ नाही हो. याच ग्राफमध्ये निलयात 120 मिली भरतं आणि 70 बाहेर पडतं. 70 भागिले 120, म्हणजे 58 टक्के, आणि हे निरोगी हृदय आहे. निलय कधीच पूर्ण रिकामं होत नाही. बाकी रिपोर्टात झडपांबद्दल वगैरे काय लिहिलंय ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, एका आकड्यावर सगळं ठरत नाही.

नळी_आणि_दाब
एक हरकत. रेषा छेदली की महाधमनीची झडप मिटली, हे सरसकट खरं नाही. रक्ताला वेग असतो. निलयाचा दाब जरासा खाली गेल्यावरही ते काही क्षण पुढे वाहतं, झडप त्यानंतर मिटते. महाधमनीच्या रेषेवरची छोटी खाच ही मिटण्याची खरी खूण.

शरीरक्रिया_अंबाजोगाई
प्रत्यक्ष नोंदींत तसंच दिसतं, मान्य. पण परीक्षेच्या आकृतीत छेद आणि खाच बहुधा एकाच जागी काढतात.

रिपीटर_लातूर
सर, माझ्या आकृतीत एका जागी नाहीत. छेद 0.40 ला, खाच 0.42 ला. मग 0.05 आणि 0.06 मिळून 0.11 झालं की!

शरीरक्रिया_अंबाजोगाई
पर्याय काय दिलेत?

रिपीटर_लातूर
0.05, 0.13, 0.25, 0.30.

शरीरक्रिया_अंबाजोगाई
मग पेपर काढणाऱ्याने छेदच धरलाय. 0.13 वर खूण करा.

नळी_आणि_दाब
गुण मिळतील. पण खाच वेगळी छापायची आणि उत्तर छेदावरून काढायचं, हे मला पटत नाही. 0.11 पर्यायात असता तर मी तोच निवडला असता.