मदत हवी आहे : व्हीपीएन लावलं की ९३ चा स्पीड ११ वर येतो, अडतंय कुठे?

चोपड्याची_लेक
राम राम मंडळी. मी चोपड्यात घरून काम करते, ऑफिस पुण्यात आहे. घरी १०० एमबीपीएसचं फायबर. ऑफिसच्या सर्व्हरवरून नकाशांच्या फायली उतरवाव्या लागतात, एकेक ७०० एमबीच्या आसपास. व्हीपीएन बंद असताना स्पीड टेस्ट ९३ दाखवते, चालू केलं की ११. एका फायलीला साडेआठ मिनिटं जातात. भावालाही तेच व्हीपीएन लागतं, म्हणून ओपनव्हीपीएन जुन्या राउटरमध्येच टाकलंय. इंटरनेटवाला म्हणतो लाइन ठीक आहे, ऑफिसवाले म्हणतात सर्व्हर ठीक आहे. मग अडतंय कुठे, ते मी घरबसल्या कसं शोधू?

केळीबाग
ताई, हा एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा घोळ आहे. व्हीपीएनचं वेष्टन चढलं की पॅकेट मोठं होतं, लाइनमध्ये मावत नाही, मग त्याचे तुकडे पडतात. सेटिंगमध्ये `mssfix 1360` टाका.

धुळ्याचा_नेटवाला
केळीबाग भाऊ, एमटीयूने त्रास होतो हे खरं, पण त्यात बहुतेक वेळा छोटी पानं उघडतात आणि मोठी फाइल मधेच लटकते. इथे स्पीड ११ वर स्थिर आहे. आधी मोजू या.

ताई, स्पीड टेस्टच्या साइटवर जाऊ नका. व्हीपीएन बंद असताना ती जवळचा सर्व्हर धरते आणि चालू असताना पुण्याजवळचा, म्हणजे तुम्ही दोन वेगळे रस्ते मोजताय. ऑफिसच्या आयटीवाल्यांना व्हीपीएन सर्व्हरवर `iperf3 -s` चालू करायला आणि ५२०१ पोर्ट तेवढ्यापुरता उघडायला सांगा. मग लॅपटॉप केबलने जोडा, वायफायवर नको. पहिली कमांड व्हीपीएन बंद ठेवून सर्व्हरच्या बाहेरच्या पत्त्यावर, दुसरी चालू करून व्हीपीएनच्या बोगद्यातल्या पत्त्यावर:

```
iperf3 -c 203.0.113.10 -R -t 20
iperf3 -c 10.8.0.1 -R -t 20
```

पत्ते तुमचे घाला. `-R` विसरू नका, नाहीतर डाउनलोडऐवजी अपलोड मोजला जाईल. दुसरी कमांड शेवटी `-P 4` लावून पुन्हा चालवा. चार धारांचा मिळून आकडा वाढला, तर एकेका धारेला अंतर किंवा पॅकेटगळती अडवतेय. तेवढाच राहिला, तर मधे कुठेतरी एखादं यंत्र दमतंय.

साक्रीकर
माझंही असंच होतं! मोबाइलवर फुकटचं व्हीपीएन लावलं की व्हिडिओ गोल फिरत बसतो. मी पण हेच करू?

धुळ्याचा_नेटवाला
साक्रीकर, तुमचं दुखणं वेगळं. तो सर्व्हर तुमच्या हातात नाही. ॲपमध्ये देश कोणता निवडलाय ते आधी बघा, धुळ्याहून युरोपात जाऊन परत यायला वेळ लागणारच. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा.

चोपड्याची_लेक
मोजलं. व्हीपीएन बंद असताना ९२, बोगद्यातून ११.४, आणि `-P 4` लावूनही एकूण ११.५. केळीबाग भाऊंचं `mssfix` पण टाकून पाहिलं, ११.९ झालं.

धुळ्याचा_नेटवाला
म्हणजे लाइन सुटली, अंतरही सुटलं. आता राउटरमध्ये एसएसएचने शिरा, `top` चालू ठेवा आणि तेवढ्यात लॅपटॉपवरून दुसरी कमांड द्या. लक्षात ठेवा, `iperf3` राउटरवर चालवायचं नाही, नाहीतर त्या चाचणीचंच ओझं त्याच्या डोक्यावर येईल आणि आकडा खोटा निघेल.

चोपड्याची_लेक
कमांड देताच `openvpn` च्या ओळीत सीपीयू ३ वरून ९७ टक्क्यांवर गेला. वीस सेकंद तिथेच. चाचणी संपली तसा खाली.

धुळ्याचा_नेटवाला
सापडलं. स्वस्त राउटरच्या प्रोसेसरमध्ये एईएस एन्क्रिप्शनसाठी बहुधा वेगळी सोय नसते, सगळं कुलूपकाम तो साध्या गणितानेच करतो. शिवाय ओपनव्हीपीएन प्रत्येक पॅकेट कर्नलमधून बाहेर काढून पुन्हा आत ढकलतं. खात्रीसाठी राउटरमधलं व्हीपीएन बंद करून व्हीपीएनची तीच सेटिंग फाइल लॅपटॉपवर चालवा, फक्त एकच लॉगिन दोन ठिकाणी एकाच वेळी लावू नका.

चोपड्याची_लेक
लॅपटॉपवरून ७४! फाइल सव्वा मिनिटात उतरली. भावाच्या लॅपटॉपसाठी ऑफिसकडून व्हीपीएनची वेगळी फाइल मागवली आहे. पण एक राहिलंच. रात्री नऊनंतर बोगद्यातून ३० च्या आसपासच मिळतं, व्हीपीएन बंद केलं की तेव्हाही ९०.

केळीबाग
रात्री इंटरनेटवालाच व्हीपीएन दाबत असणार.

धुळ्याचा_नेटवाला
असू शकतं, पण सर्व्हरही असू शकतो. ओपनव्हीपीएनची एक प्रोसेस एकाच कोअरवर चालते, रात्री घरून बरेच जण जोडले गेले तर ती भरते. तुमची पहिली चाचणी टीसीपीवर होती आणि बोगदा यूडीपीवर असेल, म्हणून ५२०१ पोर्ट यूडीपीसाठीही उघडून घ्या आणि रात्री नऊला व्हीपीएन बंद ठेवून हे चालवा:

```
iperf3 -c 203.0.113.10 -u -b 60M -R -t 20
```

शेवटी लॉसचा टक्का बघा. बराच दिसला तर रस्त्यात यूडीपी गळतंय. तो शून्याच्या जवळ असेल तर आयटीवाल्यांना त्याच वेळी सर्व्हरवरचं `top` बघायला लावा.

चोपड्याची_लेक
आज रात्री करते. आयटीवाले नऊला फोन उचलतील का माहीत नाही, पण लॉसचा आकडा इथेच टाकते.