लाईट गेली की राऊटर कोरा: तुमच्याकडे कारण कसं सापडलं?

खिडकीतला चाफा

कुडाळजवळच्या घरी आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. घरात नेट कंपनीचा बॉक्स आहे आणि त्याला जोडलेला माझा जुना राऊटर, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी टाकलंय. जानेवारीत मी त्याचं नवं फर्मवेअर घातलं. जुनी सेटिंग्ज न ठेवता सगळं हाताने भरलं, पाच महिने उत्तम चाललं. जूनमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी गेली आणि त्यानंतर लाईट गेली की बाबांचा फोन ठरलेला, "वायफायचं नावच दिसत नाही गो."

गावी जाऊन वायर लावून पाहिलं तर 192.168.1.1 वर पासवर्ड न मागता आत गेले. वायफाय बंद, माझं एकही सेटिंग नाही. टीव्हीला मात्र वायरीतून नेट येत होतं. दोनदा सगळं भरलं, दोनदा पुसलं गेलं. तुमच्याकडे असं झालं असेल तर कारण कसं सापडलं ते सांगा. नवीन घ्या हे सांगू नका, मला कारण हवंय.

दर्यावर्दी

आमच्याकडे पावसात रोजचं आहे. लाईट येते तेव्हा सरळ येत नाही, तीन-चार वेळा येते-जाते. त्या झटक्यांनी राऊटरची मेमरी खराब होते. छोटा यूपीएस लावा, बाराशे-पंधराशेत मिळतो. मी लावल्यापासून एकदाही त्रास नाही.

आजीची नात

आमचंही सेम! लाईट आली की राऊटरचे सगळे दिवे लागतात पण नेट येत नाही. कंपनीला फोन केला की ते "सेशन अडकलंय" म्हणतात आणि अर्ध्या तासाने सुरू होतं. यावर उपाय काय?

वायरमन नाशिक

आजीची नात, तुमचं वेगळं आहे. तुमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड तेच राहतात ना? मग राऊटर काहीच विसरलेला नाही, पलीकडून जोडणी होत नाहीये. राऊटर पाच मिनिटं बंद ठेवून मग लावून बघा, पुष्कळदा तेवढ्याने होतं.

चाफाताई, मी बारा वर्षं हेच काम करतो. दर्यावर्दींचं अर्धं बरोबर आहे. सेटिंग लिहिलं जात असतानाच वीज गेली तर ते बिघडू शकतं, आणि काही राऊटर बिघडलेलं सेटिंग दिसलं की मूळपदावर जातात. पण तसं कधीतरी एकदा होतं. प्रत्येक वेळी होत असेल तर मला झटक्यांपेक्षा दुसरा संशय येतो: सेटिंग मुळात कायमच्या मेमरीत लिहिलंच जात नाहीये. इन्व्हर्टरमुळे जानेवारीपासून राऊटर एकदाही बंद पडला नसेल, म्हणून कळलं नाही.

तपासायला सोपं आहे. एक बारीक बदल करा, वायफायचं नाव बदला समजा. पाच मिनिटं थांबा आणि प्लग न काढता मेनूतून रीबूट करा. तरीही पुसलं गेलं तर विजेचा संबंधच नाही. टिकलं तर प्लग काढून पुन्हा तेच करा. मेनूतून टिकतं आणि प्लग काढल्यावर जातं असं झालं तर अडॅप्टर, झटके यांच्याकडे वळा. आणि रीबूटनंतर हे दोन टाकून काय येतं ते इथे लिहा:

```
mount | grep overlay
dmesg | grep -i jffs2
```

सोलापुरी चादर

माझं कारण यांतलं एकही नव्हतं. नेट कंपनीच्याच बॉक्सवर मी वायफायचं नाव बदललं होतं, आणि दर काही दिवसांनी बॉक्सखालच्या स्टिकरवरचं नाव परत यायचं. लाईट गेल्यावर हटकून. पण मी घातलेला ॲडमिन पासवर्ड मात्र तसाच राहायचा, तिथे डोकं चाललं. पूर्ण कोरा झाला असता तर तोही गेला असता. बॉक्स सुरू झाला की कंपनीच्या सर्व्हरला विचारतो आणि तिथे नोंदवलेली सेटिंग्ज खाली येतात. टीआर-069 म्हणतात त्याला. कंपनीच्या ॲपमधून नाव बदललं, तेव्हापासून टिकलंय. म्हणून आधी बघा, सगळं गेलंय की ठरावीकच.

कैरीचं पन्हं

आमच्याकडे रीसेटचं बटण! बॉक्स टीव्हीमागे कोंबलेला. भावाने कधीतरी टाचणीने दाबलं होतं, ते आतच अडकून राहिलं. त्या बॉक्समध्ये सुरू होताना बटण दाबलेलं असलं की सेटिंग्ज पुसतात, त्यामुळे लाईट आली की कोरा. सुरू झाल्यावर थोड्या वेळाने सगळे दिवे एकदम उघडझाप करायचे, त्यावरून दुरुस्तीवाल्याने ओळखलं. टॉर्च मारला तर भोकात बटणाची टोपी तिरकी बसलेली दिसली, कडेला धुळीची पांढरी रेघ. उचकटून सरळ केली, झालं.

खिडकीतला चाफा

वायरमनदादा, गावी जाऊन तुमची परीक्षा केली. मेनूतून रीबूट केलं, तरी पुसलं. म्हणजे आठ आठवडे मी लाईटला उगाच दोष देत होते. आणि हे आलं:

```
overlayfs:/tmp/root on / type overlay
jffs2: Too few erase blocks (3)
```

वायरमन नाशिक

सापडलं. पहिल्या ओळीत `/tmp/root` आहे, तिथे `/overlay` हवं होतं. `/tmp` रॅममध्ये असतं, म्हणजे तुम्ही भरलेलं सगळं रॅममध्ये. चालू आहे तोवर ठीक, बंद झालं की संपलं. दुसरी ओळ कारण सांगते. सेटिंग्ज ठेवायच्या जागेला किमान पाच ब्लॉक लागतात, तुमच्याकडे तीनच उरलेत. ६४ केबीचा एक ब्लॉक धरला तर १९२ केबी. बाकी सगळी जागा फर्मवेअरने खाल्ली. जानेवारीत बरीच पॅकेजं आत घालून स्वतः इमेज बनवली होतीत का?

नव्या फर्मवेअरनंतर अगदी पहिल्यांदा सुरू होताना थोडा वेळ `/tmp/root` दिसलं तर घाबरू नका, जागा तयार होईपर्यंत तसं चालतं. दर वेळी तेच दिसणं हा दोष.

खिडकीतला चाफा

हो, बनवली होती! जाहिराती अडवणारं, व्हीपीएन, वर आलेख दाखवणारं काय काय. फ्लॅश जेमतेम ८ एमबी. व्हीपीएन आणि आलेख काढून इमेज पुन्हा बनवली, सेटिंग्ज न ठेवता चढवली. आता `df -h /overlay` मध्ये १.१ एमबी दिसतंय. बाबांना म्हटलं, तुम्हीच प्लग काढा. त्यांनी तीनदा काढला, तिन्ही वेळा वायफायचं नाव परत आलं.

दर्यावर्दी

मग माझा यूपीएस? त्याने माझा दोष गेला की झाकला गेला?

वायरमन नाशिक

आत्ता सांगता येणार नाही. यूपीएस असताना मेनूतून रीबूट करून बघा. टिकलं तर निदान लिहिलं जातंय एवढं कळेल.

मोगरा ६२

माझा राऊटर दोन वर्षांत एकदाच कोरा झाला, कंपनीचं फर्मवेअर रात्री आपोआप अपडेट झालं त्या सुमारास. लाईटही त्याच रात्री गेली होती. लॉग उघडला तर तो सकाळपासूनचाच, त्याआधीचं काही नाही. दोन्हींपैकी कशाने झालं असेल?

वायरमन नाशिक

काकू, बहुतेक घरगुती राऊटरचा लॉगही रॅममध्येच असतो, त्यामुळे तो पुरावा गेला. फर्मवेअरचा आकडा आधीचा लिहून ठेवला असेल तर ताडून बघा. तो बदललेला असेल तर अपडेटवर संशय जातो, पण अपडेट चालू असतानाच लाईट गेली का, हे त्यावरून कळत नाही.

मोगरा ६२

आधीचा लिहिलेला नाही. आजचा वहीत लिहून ठेवते, आणि सेटिंग्जची बॅकअप फाईल मुलाकडून पेनड्राईव्हवर घेते.