Ctrl+Y की Ctrl+Shift+Z: रिडूची की सगळीकडे एकच का नाही?

सावंतवाडीकर (मूळ पोस्ट):
रिडू म्हणजे Ctrl+Y. जगभर हेच चालतं. ज्या मोजक्या प्रोग्रॅममध्ये Ctrl+Shift+Z लागतं, त्यांनी उगाच वेगळेपणा मिरवायला ते ठेवलंय. आणि चुकीची की दाबली तर होतं काय? काहीच नाही. दुसरी दाबायची. एवढ्यावरून रडणाऱ्यांनी कॉम्प्युटरला हात लावू नये.

कुडाळची डीटीपीवाली:
"काहीच होत नाही" हे वर्डच्या बाहेर कधी न पडलेला माणूसच म्हणू शकतो. चतुर्थीच्या आधी आमच्या प्रेसमध्ये येऊन बसा, मग बोला.

गेल्या चतुर्थीचं सांगते. एका मंडळाचा बॅनर, कोरलमध्ये. आमच्याकडे मुलगा नवीन, क्लासमधून आलेला, त्याला रिडू म्हणजे Ctrl+Y एवढंच पढवलेलं. गिऱ्हाईक म्हणालं, मघाशी नावं कशी होती ती एकदा दाखव. मुलाने चारदा Ctrl+Z करून जुनी मांडणी दाखवली. गिऱ्हाईक म्हणालं, नको, आत्ताचीच ठेव. मुलाने Ctrl+Y दाबलं. स्क्रीनवर ढिम्म काही हललं नाही, म्हणून आणखी दोनदा दाबलं. कोरलमध्ये Ctrl+Y म्हणजे वस्तू ग्रिडला चिकटवायची सोय चालू किंवा बंद. तीनदा दाबल्यावर ती चालू राहिली. मग त्याने नावांची ओळ हातानेच खाली ओढायला घेतली, तर ओळ सरळ सरकेना, टप्प्याटप्प्याने उड्या मारायला लागली. माऊस खराब झाला म्हणून त्याने माऊससुद्धा बदलला!

पण खरं नुकसान तोवर होऊन गेलं होतं. ओळ ओढली ती नवीन दुरुस्ती, आणि नवीन दुरुस्ती झाली की मागे घेतलेल्या पायऱ्या पुन्हा आणायची यादी पुसली जाते. त्या चारही पायऱ्या गेल्या. नंतर योग्य की दाबून उपयोग नव्हता. आणि Ctrl+Z दाबून ग्रिडही बंद होत नाही, कारण ग्रिड चालू होणं ही चित्रातली दुरुस्ती नव्हेच, ती अनडूच्या यादीत जातच नाही. "काहीतरी बिघडलंय" म्हणून माणूस Ctrl+Z दाबत सुटला की आणखी चांगलं काम मागे जातं.

इलस्ट्रेटरमध्ये Ctrl+Y दाबलं की सगळे रंग जाऊन नुसत्या रेघा उरतात. तिथे निदान काहीतरी झालंय हे डोळ्यांना कळतं. फोटोशॉपमध्ये तेही धड कळत नाही. तिथे Ctrl+Y म्हणजे Proof Colors, छापल्यावर रंग कसे येतील ते स्क्रीनवर दाखवायची सोय. भडक भगवा जरा मळकट दिसायला लागतो, आणि नवखा माणूस तो पुन्हा भडक करायला बसतो. फाइलच्या नावापुढे RGB/8 च्या मागे /CMYK आलंय का, हे बघायचं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. पुन्हा Ctrl+Y दाबलं की जातं. पण तोवर रंग बदलून फाइल सेव्ह झाली असेल तर?

म्हणून आमच्याकडे नियम केलाय, रिडूसाठी Ctrl+Shift+Z च. जिथे चालत नाही तिथे मेनूतून करा.

सावंतवाडीकर:
शिकवणाऱ्याची चूक प्रोग्रॅमच्या माथी मारू नका. कोरल, फोटोशॉप वापरणारे किती? ऑफिसं, शाळा, बँका वर्ड-एक्सेलवर चालतात. बहुसंख्यांची सवय तोच नियम.

जहाजावरचा रत्नागिरीकर:
सगळा घोळ जर्मन कीबोर्डमुळे आहे. त्यात Z आणि Y च्या जागा अदलाबदल असतात. मी एका जहाजावर होतो तिथे ऑफिसच्या कॉम्प्युटरला जर्मन कीबोर्ड होता. कार्गोचा रिपोर्ट लिहिताना बोटं सवयीने डाव्या कोपऱ्यात जायची, Ctrl+Z ऐवजी Ctrl+Y लागायचं आणि खोडायचं ते आणखी एकदा उमटायचं. म्हणून तिकडच्या लोकांनी Shift ची भानगड काढली.

चिपळूणचा कोडवाला:
जागा अदलाबदल असतात ते खरं, आणि तुमच्या रिपोर्टचं जे झालं तेही बरोबर, कारण वर्डमध्ये मागे घेतलेलं काही नसेल तर Ctrl+Y शेवटची कृती पुन्हा करतं. पण Shift चा उगम तो नव्हे.

मॅक 1984 मध्ये आला तेव्हा अनडू एकाच पायरीचा होता. एकदा दाबलं की शेवटचं काम मागे, पुन्हा दाबलं की तेच काम परत. रिडूला वेगळी की लागतच नव्हती. पुढे प्रोग्रॅम अनेक पायऱ्या लक्षात ठेवायला लागले, तेव्हा तीच की सतत मागेच न्यायला लागली आणि पुढे यायला दुसरी वाट हवी झाली. मॅकवर Shift जोडलं. Tab पुढे, Shift+Tab मागे, तीच पद्धत. फोटोशॉपने तर जुना प्रकार 2018 पर्यंत धरून ठेवला होता. तोवर तिथे Ctrl+Z दोनदा दाबलं की माणूस होता तिथेच.

विंडोजची वाट निराळी. IBM ने 1987 मध्ये कीबोर्डचे जे संकेत ठरवले, त्यात अनडू म्हणजे Alt+Backspace. Z, X, C, V हे 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये आले. रिडूला तिथे Y मिळालं, पण ते Y मोकळं पडलेलं अक्षर नव्हतं. वर्डस्टार या मजकूर लिहायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये Ctrl+Y म्हणजे अख्खी ओळ खोडणे. तीच सवय कोड लिहायच्या टर्बो पास्कलने घेतली, आणि तशाच इंटेलिजेच्या विंडोजवरच्या मूळ मांडणीत आजही Ctrl+Y ओळ खोडतं. म्हणजे दहा पायऱ्या मागे जाऊन Ctrl+Y दाबलं तर एक ओळ जाते आणि त्या दहाही पायऱ्या जातात, कारण ओळ खोडणं हीच नवीन दुरुस्ती. डीटीपीवाल्या ताईंचा मुद्दा माझ्याकडे असा दिसतो. जुन्या लोकांनी आपापली सवय सांभाळली. मिरवण्याचा संबंध नाही.

देवगडचा हिशेबनीस:
Y आणि Z वर भांडताय, माझं दुःख Ctrl+Z चंच आहे. आंब्याच्या हंगामात दोन एक्सेल फाइली उघड्या असतात, एकीत पेट्यांची आवक, दुसरीत बागायतदारांचे पैसे. आवकेत चुकीचा आकडा पडला म्हणून Ctrl+Z दाबत गेलो, तर दुसरी फाइल समोर आली आणि तिथला उचलीचा आकडा निघून गेला. गडबडीत लक्षात आलं नाही. संध्याकाळी हिशेब जुळेना. एका बागायतदाराने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

चिपळूणचा कोडवाला:
एक्सेलमध्ये अनडूची यादी सगळ्या उघड्या फाइलींची मिळून एकच असते. ज्या क्रमाने कामं केली त्याच्या उलट क्रमाने ती मागे जातात, मग फाइल कुठलीही असो. आणि मॅक्रो चालवला की साधारणपणे ती यादीच रिकामी होते. एक्सेल उघडताना Alt दाबून धरा, नवीन स्वतंत्र एक्सेल हवं का असं विचारतं. हो म्हणा आणि दुसरी फाइल त्यात उघडा. मग याद्या वेगळ्या राहतात.

देवगडचा हिशेबनीस:
करून बघितलंय. मग एकातून दुसऱ्यात कॉपी केलं की सूत्रं जातात, नुसते आकडे येतात. माझं निम्मं काम कॉपी-पेस्टचं आहे.

मालवणी माणूस:
दोन फायली एकदम उघडुक सांगलो कोणी? एक बंद कर, मगे दुसरी उघड.

देवगडचा हिशेबनीस:
ट्रक दारात उभा असताना? कधी हिशेब लिहिलायत का हंगामात? घरात बसून सल्ले देणं सोपं असतं.

मालवणी माणूस:
माजी माश्यांची गाडी रोज पाटे जाता. हिशेब मीच लिवतंय. वहीत. तुमी लोक मशिनीवर सगळो भार टाकतास नि मगे रडतास.

सावंतवाडीकर:
धागा रिडूचा आहे. एक्सेलचं रडगाणं दुसरीकडे.

देवगडचा हिशेबनीस:
रडगाणं? "काहीच होत नाही" म्हणणारे तुम्हीच ना? आकडा गेला हे वेळेत दिसलं असतं तर परत आणायला Ctrl+Y होतं. मी त्यानंतर संध्याकाळपर्यंत नोंदी करत राहिलो, म्हणून तेही गेलं. ताईंच्या बॅनरचं आणि माझ्या हिशेबाचं दुखणं एकच आहे, वाचा नीट.

वेंगुर्ल्याची शिक्षिका:
डीटीपीवाल्या ताईंच्या नियमालाही धोका आहे, तो सांगते. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवरच्या वर्डमध्ये Ctrl+Shift+Z म्हणजे सिलेक्ट केलेल्या मजकुराचं अक्षरांचं सगळं फॉर्मॅटिंग काढून टाकणे, Ctrl+Space ने होतं तेच. आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या मराठी फाँटमध्ये आहेत. सहकारी बाईंनी सवयीने Ctrl+Shift+Z दाबलं आणि सिलेक्ट केलेला प्रश्न मराठीतून थेट इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत गेला. त्यांना वाटलं व्हायरस आला. खरं तर मजकूर जागेवरच होता, फक्त फाँट मूळ इंग्रजीवर गेला होता. Ctrl+Z ने तो परत आला. पण ही पण दुरुस्तीच, त्यामुळे आधी मागे घेतलेलं पुढे आणायची यादी गेलीच.

कुडाळची डीटीपीवाली:
हे आमच्याकडे कधी झालं नाही, कारण वर्डमध्ये आम्ही फक्त मजकूर घेतो. पण तुमचं बरोबर आहे, जुन्या फाँटच्या फाइलीत हे वाईटच. तरी फरक बघा. वर्डमधला गोंधळ लगेच दिसतो आणि Ctrl+Z ने परत येतो. ग्रिड आणि प्रूफचा गोंधळ दिसत नाही आणि Ctrl+Z ने जात नाही. दोन्हींतून एक निवडायचं तर मी दिसणारा निवडीन.

सावंतवाडीकर:
ठीक आहे, "काहीच होत नाही" हे शब्द मागे घेतो. वर्डमधल्या Ctrl+Shift+Z चं मला माहीत नव्हतं, आणि त्याने माझीच बाजू भक्कम होते. ऑफिसच्या कामाला Ctrl+Y च.

चिपळूणचा कोडवाला:
निवडायची गरजच नाही. फोटोशॉपमध्ये Edit मेनूत Keyboard Shortcuts आहे, कोरलमध्येही की बदलता येतात. Ctrl+Y रिडूला देऊन टाका. ब्राउझरमधल्या मजकुराच्या चौकटींत आणि व्हीएस कोडमध्ये विंडोजवर दोन्ही की आधीपासूनच चालतात. सगळ्यांनी तेवढं केलं तर वाद संपतो.

कुडाळची डीटीपीवाली:
तुमच्या एका लॅपटॉपवर संपतो. आमच्याकडे मशिनं चार, प्रत्येकावर कोरलचं व्हर्जन वेगळं, आणि लाइट गेली की मुलगा शेजारच्या सेंटरवर जाऊन काम पूर्ण करतो. तिथल्या कोरलमध्ये Ctrl+Y पुन्हा ग्रिडच. बदललेली की हाताला बसली की तिथे दुप्पट घात. मी मुलांना एवढंच सांगते: मागे जाऊन बघायचं असेल तर आधी फाइल दुसऱ्या नावाने सेव्ह कर, मग Ctrl+Z दाब.

देवगडचा हिशेबनीस:
हे एक्सेललाही चालेल. पण हंगामात दर दुरुस्तीला नवीन नाव दिलं तर शेवटी खरी फाइल कुठली, हे कोण सांगणार?