को-जन बॉयलरचा स्क्रीन करडा करावा का?

धाराशिवचा इन्स्ट्रुमेंटवाला: आमच्या साखर कारखान्याच्या बॉयलरचा स्क्रीन ऑफ सीझनला बदलायचाय. सध्या फिरता पंखा, हलती ज्वाला, रंगीत चकाकते पाइप असं सगळं आहे. व्हेंडर म्हणतो फिकट करडा करा, आकड्याशेजारी पट्टी आणि ट्रेंड द्या. साहेब म्हणतात, पाहुण्यांना मग काय दाखवायचं? काय करावं?

डीसीएस, वाळूज: व्हेंडरचं ऐका. एकटं ड्रम लेव्हलचंच बघा. समजा लेव्हल 50 टक्के, वाफ आणि फीडवॉटर दोन्ही ताशी 60 टन. टर्बाइनने एकदम लोड ओढला. प्रेशर पडलं की ड्रममधल्या पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात आणि पाणी कमी होत असतानाही लेव्हल 62 दाखवते. फीडवॉटर मॅन्युअलवर असेल तर ऑपरेटर पाणी वाढलं समजून व्हॉल्व्ह दाबतो. प्रेशर सावरलं, बुडबुडे आकसले की लेव्हल धाडकन खाली येते आणि बॉयलर ट्रिप होतो.

हलत्या ज्वालेशेजारचा नुसता हिरवा 62 यातलं काहीच सांगत नाही. लेव्हल, वाफ आणि फीडवॉटर या तिघांच्या रेषा गेल्या अर्ध्या तासाच्या एकाच ट्रेंडवर घ्या. वाफ 70, पाणी 60 आणि तरी लेव्हल चढतेय, म्हणजे ती चढण खोटी. हे बघितल्यावर कुणी पाणी कमी करणार नाही. रंग फक्त अलार्मला ठेवा, आणि त्यालाही आकार व क्रमांक द्या, म्हणजे लाल-हिरवा न ओळखणाऱ्यालाही कळेल.

2005 मध्ये टेक्सास सिटीच्या रिफायनरीत टॉवर भरत गेला आणि 15 माणसं गेली. तिथं आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह वेगवेगळ्या स्क्रीनवर होता. कारणं इतरही होती, पण हे त्यातलं एक.

परळीचा जुना शिफ्ट चार्ज: ट्रेंडचं पटलं, करड्याचं नाही. आमच्याकडं लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद. पोरं ते झोपेतही ओळखतात. फिकट करड्यावर गडद करडा पंप, आणि पाच हातांवरून बघायचं? रात्री तीनला चालू का बंद तेच कळायचं नाही. आधी माणसाची सवय बघा, मग स्टँडर्ड.

डीसीएस, वाळूज: काका, सवयीचाच तर घोळ आहे. वीजवाल्यांत लाल चालू, प्रोसेसवाल्यांत बहुतेक ठिकाणी हिरवा चालू, आणि को-जनच्या एकाच खोलीत दोन्हीकडची माणसं बसतात. मी चालू पंप पांढरा भरतो, बंद पंप गडद ठेवतो आणि शेजारी ‘चालू’, ‘बंद’ असा शब्द लिहितो. मात्र कॉन्ट्रास्टचं तुमचं खरं. जुन्या मॉनिटरवर दोन करडे एकजीव होतात. रंग खुर्चीवर बसूनच ठरवायचे, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही.

जालना पाणीपुरवठा: आम्ही पंपहाऊसला काळा स्क्रीन केलाय, डोळ्याला लई बरं वाटायलंय. तुम्हीही डार्क मोडच करा की. आमचे दोनच पंप आहेत म्हणा.

डीसीएस, वाळूज: दादा, प्रश्न डार्क मोडचा नाही. काळ्या पडद्यावर ट्यूबलाइट आणि खिडकी उमटते, म्हणून खोली अंधारी ठेवावी लागते. फिकट करड्यावर दिवे लावून बसता येतं, रात्रपाळीत पेंगही कमी येते. दोन पंपांना तुमचं चालतंय तर चालू द्या.

लातूरची प्रोसेस इंजिनिअर: पट्टीबद्दल एक सांगते, कारण आमच्याकडं तिथंच घसरलं. नॉर्मल पट्टा पूर्ण लोडला बांधला होता. बॉयलर अर्ध्या लोडवर आला की वाफ, फीडवॉटर, ड्राफ्ट सगळ्यांच्या खुणा पट्ट्याबाहेर. आठवडाभरात ऑपरेटरांनी पट्ट्यांकडं बघणंच सोडलं. पट्टा लोडबरोबर सरकला पाहिजे, आणि स्टार्टअपला वेगळा स्क्रीनच हवा. ट्रेंडला ऑटोस्केलही ठेवू नका. लेव्हल अर्धा टक्का हलली तरी रेषा वर-खाली उड्या मारते, आणि खरी उडी त्यात ओळखू येत नाही. ड्रमला 30 ते 70 पुरे, पण त्याबाहेर गेली तर आकडा ठळक दिसला पाहिजे.

परळीचा जुना शिफ्ट चार्ज: ताई, हे कामाचं बोललात. आणि पट्टा सरकवायचा तर त्याचं गणित कोण सांभाळणार? तीन वर्षांनी बगॅसऐवजी दुसरं इंधन आलं तर?

लातूरची प्रोसेस इंजिनिअर: तेच आम्हालाही अजून नीट सुटलेलं नाही. सध्या प्रत्येक सीझनच्या सुरुवातीला ऑपरेटरांना घेऊन बसतो आणि पट्टे तपासतो.

धाराशिवचा इन्स्ट्रुमेंटवाला: पाहुण्यांसाठी जिन्याजवळ वेगळा टीव्ही लावू, ज्वाला तिथं हलू दे. ऑपरेटरसमोर करडा आणि तीन रेषांचा ट्रेंड, हे पक्कं. पंपाच्या रंगाचं मात्र काकांचं ऐकावंसं वाटतंय, आमची निम्मी माणसं थर्मलवरूनच आलीत.

डीसीएस, वाळूज: मग अलार्मला लाल वापरू नका. चालू पंपही लाल आणि ट्रिपचा अलार्मही लाल, असं झालं तर वीस लाल खुणांत एकविसावी शोधत बसावं लागेल.

परळीचा जुना शिफ्ट चार्ज: अलार्म लुकलुकतो, पंप लुकलुकत नाही. आम्ही तेवढ्यावरच ओळखत आलोय.

डीसीएस, वाळूज: अॅकनॉलेज केल्यावर लुकलुकणं थांबतं, काका. त्यानंतर कसं ओळखायचं?