मदत हवी आहे: लिफ्टचं मॉडेल मजल्यावर थांबत नाही, एच-ब्रिजचा ब्रेक लागतोय का?

विज्ञानबाई
नमस्कार मंडळी. आठवीच्या मुलांनी प्रदर्शनासाठी तीन मजल्यांची लिफ्ट केली आहे. १२ व्होल्टची गिअरवाली मोटर, शाफ्टवर दोऱ्याची रीळ, लाल रंगाचं एल२९८ मॉड्यूल आणि आर्डुइनो उनो. प्रत्येक मजल्यावर रीड स्विच आणि पाळण्याला लोहचुंबक. वर-खाली दोन्हीकडे व्यवस्थित जाते. पण वर जाताना थांबायच्या खुणेच्या बोटभर पुढे जाते आणि खाली येताना चांगली तीन बोटं. शिवाय पाळण्यात वजन ठेवलं की थांबल्यावरही हळूहळू खाली घसरते. थांबण्याचं फंक्शन असं आहे:

```
void thamba() {
  digitalWrite(IN1, LOW);
  digitalWrite(IN2, LOW);
  analogWrite(ENA, 0);
}
```

आणखी एक. अडॅप्टर १२ चा आहे, पण मोटर चालू असताना तिच्या टोकांवर मीटर १०.२ व्होल्टच दाखवतो. मोटरच्या वायरी सोडवून रोध मोजला तर ४ ओहमच्या आसपास येतो. गडबड नेमकी कुठे आहे?

टर्बो_पश्या
सोपं आहे मॅडम. थांबायच्या वेळी ५० मिलिसेकंद उलटी दिशा द्या, जागच्या जागी थांबेल. कॉलेजात रोबोटला आम्ही हेच करायचो. आणि व्होल्टेज कमी पडतंय, १४ चा अडॅप्टर लावा.

गेटवाले_काका
मी घरच्या सरकत्या गेटला जुन्या गाडीची वायपर मोटर लावली आहे, दोन रिलेवर चालते. बटण सोडलं की गेट जिथल्या तिथे थांबतं. त्या चिपच्या भानगडीत कशाला पडता, रिले लावा!

ओहम_शांती
बाई, अडॅप्टर आणि मोटर दोन्ही ठीक आहेत. तुमच्या कोडमध्ये ब्रेक लागतच नाही.

ब्रिजमध्ये चार स्विच असतात. मोटरचं प्रत्येक टोक वरच्या स्विचने प्लसला जोडता येतं आणि खालच्याने ग्राउंडला. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा चालू केला की करंट डावीकडून उजवीकडे जातो आणि लिफ्ट चढते. दुसरी तिरकी जोडी चालू केली की उतरते. एका बाजूचे वरचा-खालचा एकदम चालू झाले तर मोटरला वगळून सरळ शॉर्ट होतो. एल२९८ मध्ये एका बाजूला एकच IN असल्यामुळे ती भीती नाही. सुटे मॉस्फेट लावून स्वतः ब्रिज करणाऱ्यांचे मात्र याच कारणाने जळतात.

उरल्या दोन अवस्था, आणि तुमचा प्रश्न तिथेच आहे. ENA शून्य केलंत की चारही स्विच बंद होतात. मग IN1, IN2 वर काहीही लिहा, चिप त्याकडे बघत नाही. मोटर फिरते आहे तोवर ती स्वतःचं व्होल्टेज तयार करत असते, पण ते ९ च्या आसपास आणि अडॅप्टर १२ चा. त्यामुळे डायोडमधूनही करंटला वाट मिळत नाही. रोखणारं काय, तर गिअरचं घर्षण तेवढं. उतरताना त्यात पाळण्याचं वजन भर घालतं, म्हणून तीन बोटं.

ब्रेक हवा असेल तर ENA चालू ठेवायचं आणि दोन्ही IN सारखे करायचे. मग मोटरची दोन्ही टोकं एकाच रेषेवर येतात, तिचंच व्होल्टेज तिच्याच गुंडाळीतून करंट ढकलतं आणि तो करंट फिरण्याला विरोध करतो.

```
  digitalWrite(IN1, HIGH);
  digitalWrite(IN2, HIGH);
  analogWrite(ENA, 255);
```

मुलांना हे हातात दाखवा. मोटर सुटी करून शाफ्ट फिरवायला सांगा, मग तिच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून पुन्हा फिरवायला सांगा. फरक लगेच कळतो.

पश्या, उलटी दिशा दिल्याने थांबते हे खरं. पण हिशोब कर. मोटरचे स्वतःचे ९ आणि उलटे दिलेले १० मिळून १९ व्होल्ट, चार ओहममधून क्षणभर जवळजवळ ५ अँपिअर. चिप एका चॅनेलला सलग २ अँपिअरची आहे. आणि ५० मिलिसेकंद हा आकडा रिकाम्या पाळण्याला जुळवलास की भरलेल्याला चुकणार.

टर्बो_पश्या
आमची चिप कधी जळली नाही राव. मग ते १०.२ चं काय?

ओहम_शांती
तुमची मोटर छोटी असेल. ते १०.२ मात्र महत्त्वाचं आहे. एल२९८ जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरची चिप आहे. चालू असताना वरचा आणि खालचा मिळून दोनेक व्होल्ट खातात, त्याचीच उष्णता होते. १४ चा अडॅप्टर लावून ही उष्णता कमी होत नाही.

ब्रेकच्या वेळीही तेच आडवं येतं. हे ट्रान्झिस्टर करंट एकाच दिशेने नेतात, त्यामुळे ब्रेकचा करंट एका ट्रान्झिस्टरमधून जातो आणि परत येतो तो मॉड्यूलवरच्या काळ्या डायोडमधून. दोघांचे मिळून साधारण १.७ व्होल्ट धरा. पूर्ण वेगात ९ वजा १.७ भागिले ४, म्हणजे १.८ अँपिअर, ब्रेक चांगला लागेल. पण वेग पाचव्या हिश्श्यावर आला की मोटरचं व्होल्टेजच १.७ होतं आणि तिथून खाली ब्रेक जवळपास नाहीसा.

विज्ञानबाई
कोड बदलला. वर जाताना आता खुणेवरच थांबते, उतरताना अर्धं बोट पुढे जाते. मुलं खूश आहेत. पण तुम्ही म्हणालात तसंच झालं, वजन ठेवलं की घसरणं तसंच आहे, रेंगाळत खाली येते. चिप बदलली तर थांबेल?

ओहम_शांती
मॉस्फेटवाला ड्रायव्हर, उदाहरणार्थ टीबी६६१२, दोन्ही दिशांनी करंट नेतो आणि फारच कमी व्होल्ट खातो, त्यामुळे ब्रेक अगदी हळू वेगातही टिकतो. घसरणं बरंच मंदावेल. तो सलग १.२ अँपिअरचा आहे, तेव्हा लिफ्ट चढताना मोटर किती घेते ते आधी मोजा. त्यात दोन्ही IN LOW केले तर मोटर मोकळी सुटते, ब्रेकला दोन्ही HIGH लागतात. म्हणूनच वर HIGH लिहिलं. STBY पिनही HIGH ठेवावी लागते.

पण पूर्ण थांबणार नाही. मोटर फिरलीच नाही तर तिचं व्होल्टेज शून्य, मग ब्रेकही शून्य. हा ब्रेक वेग मारतो, वजन धरून ठेवत नाही.

गेटवाले_काका
मग माझं गेट कसं धरून राहतं? वारा सुटला तरी हलत नाही.

ओहम_शांती
काका, तुमच्या रिले सुटल्या की मोटरची दोन्ही टोकं ग्राउंडला लागत असणार, म्हणजे तुमच्याकडेही हाच ब्रेक आहे, आणि रिलेचे संपर्क व्होल्ट खात नाहीत म्हणून जोरदार. पण गेट धरून ठेवते ती वायपर मोटरमधली वर्म गिअर. ती चाकाकडून सहसा उलटी फिरत नाही.

गेटवाले_काका
अच्छा! मग बाईंनी वायपर मोटरच लावावी.

टर्बो_पश्या
काका, आठवीच्या मॉडेलला वायपर मोटर? 😄 मॅडम, पाळण्याइतकंच वजन दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला लावा ना, खऱ्या लिफ्टला असतं तसं.

ओहम_शांती
ही सूचना चांगली आहे. फक्त रीळ काढून दोरा कप्पीवरून न्यावा लागेल, आणि मग दोरा कप्पीवर सरकतो का ते बघा. काउंटरवेट किती ठेवायचं हे पाळण्यात किती वजन घालणार त्यावर आहे, ते तुम्हालाच करून बघावं लागेल.

विज्ञानबाई
कप्पी प्रयोगशाळेत आहे. दोऱ्याऐवजी सायकलच्या ट्यूबची पट्टी चालेल का? ती ताणली जाऊन मजला पुन्हा चुकेल असं वाटतंय.