मदत हवी आहे: ‘हुत्स्पा’ आणि ‘श्लेप’साठी मराठी शब्द

न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबाच्या इंग्रजी संवादांची मराठी सबटायटल्स करतोय. यिडिशमधून इंग्रजीत आलेले दोन शब्द अडले आहेत.

‘श्लेप’ जवळपास सुटलाय. मूळ अर्थ ओढत नेणे. पण बोलणारा ओझ्यापेक्षा वैतागच जास्त सांगतो. “ब्रुकलिनपर्यंत श्लेप केलं”ला ‘नेलं’ अगदीच मिळमिळीत, म्हणून ‘ब्रुकलिनपर्यंत वागवत नेलं’ केलंय. नाम असेल तिथे ‘हेलपाटा’.

खरी अडचण ‘हुत्स्पा’ची. यिडिशमध्ये ती शिवीच: आईबापांचा खून करून “मी अनाथ आहे, दया करा” म्हणणाऱ्याची निर्लज्जता. अमेरिकन इंग्रजीत मात्र त्यात कौतुकही मिसळलं. माझ्या प्रसंगात नातू पहिल्याच दिवशी मालकाकडे पगारवाढ मागतो. आजी म्हणते, “काय हुत्स्पा!” रागही आहे, ओठांत हसूही. ‘उद्धटपणा’त हसू जातं, ‘धाडस’मध्ये राग. ‘आगाऊपणा’ फारच किरकोळ वाटतो.

तळटीप देता येत नाही, मूळ शब्द ठेवता येत नाही, आणि जागा तीन-चार शब्दांचीच. आजीची बोली घरगुती हवी. “काय छाती आहे मेल्याची!” यात निर्लज्जपणा पुरेसा येतो का, की दुसरं काही सुचतंय?