मेंटेनन्स बिलात थकबाकी दाखवत आहेत, पैसे तर दर महिन्याला पाठवले आहेत. जुळवायचं कसं? (सल्ला हवा)

सायली_ठाणे
आमच्या सोसायटीचं बिल १ तारखेला येतं, १५ पर्यंत भरायचं असतं. जुलैच्या बिलात सर्व्हिस चार्जेस १,४५०, दुरुस्ती निधी ७५०, सिंकिंग फंड २५०, पाणी ३५०, मालमत्ता कर ४००, म्हणजे चालू महिन्याचे ३,२००. हे नेहमीचंच. पण त्याखाली "मागील थकबाकी ३,२५६" आणि "व्याज ५७" आहे, एकूण ६,५१३. खाली बारीक अक्षरात व्याज वार्षिक २१ टक्के असं छापलंय.

मी १० एप्रिल, १२ मे आणि १० जूनला प्रत्येकी ३,२०० पाठवले आहेत. सेक्रेटरी म्हणतात, कॉम्प्युटरमध्ये जे आहे ते आहे. हे जुळवून देणारं एखादं ॲप किंवा माणूस सुचवा. खर्च ५०० रुपयांच्या आत हवा. फ्लॅट विकतोय, त्यामुळे महिनाअखेर सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्रही लागणार आहे.

निवृत्त_बँकवाला
सरळ सीए गाठा. आमच्या सोसायटीच्या भांडणात मी ८,००० दिले आणि दोन दिवसांत सगळं बाहेर आलं. पैशाकडे बघू नका.

मी_पनवेलकर
२१ टक्के?? १८ च्या वर व्याज लावताच येत नाही. तक्रार करा.

वसुधाताई
सिंकिंग फंड २५० फार वाटतो. तो फ्लॅटच्या किमतीच्या पाव टक्का असतो. आमच्याकडे भाडेकरू ठेवला म्हणून वेगळे पैसे घेतात, तेही तपासून घ्या.

हिशेबनीस
सायलीताई, अजून कुणालाच पैसे देऊ नका. तुमच्या आकड्यांतच बरंचसं उत्तर आहे.

३,२५६ मधून एक महिन्याचं बिल वजा केलं की ५६ उरतात. २१ टक्के म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के, आणि ३,२०० वर तेवढं व्याज बरोबर ५६ होतं. म्हणजे तीन महिन्यांतलं एक पूर्ण पेमेंट त्यांच्या वहीत तुमच्या नावावर चढलेलं नाही. आता ५७ लावलेत, त्याआधी ५६ लागले. व्याज दोनदा लागलंय म्हणजे पैसे मेपासून अडकलेत. एप्रिलचे असते तर तीनदा लागलं असतं, जूनचे असते तर एकदाच.

जूनचं बिल काढून बघा. बहुतेक सोसायट्यांत बिलाच्या खालच्या पट्टीत आदल्या महिन्यात आलेल्या पैशांची पावती छापलेली असते. तिथे काय आहे ते सांगा.

वसुधाताई, टक्का बरोबर आहे, पण तो बांधकाम खर्चावर, जमिनीची किंमत सोडून, वर्षाला. दुरुस्ती निधी पाऊण टक्का, म्हणून तो बरोबर तिप्पट दिसतोय. २५० चे वर्षाला ३,००० होतात, म्हणजे बांधकाम खर्च १२ लाख धरलाय. पटण्यासारखा आकडा आहे. पनवेलकर, २०१४ च्या आदर्श उपविधींत कमाल २१ टक्के सरळव्याज आहे, दर सर्वसाधारण सभा ठरवते. तुमच्या सभेने १८ ठरवला असेल.

मी_पनवेलकर
आमच्याकडे १८ आहे म्हणूनच सांगितलं.

सायली_ठाणे
काढलं. मेच्या बिलाखाली १० एप्रिलची पावती आहे, जुलैच्या बिलाखाली १० जूनची. जूनच्या बिलाखाली पट्टी कोरी, आणि वर थकबाकी ३,२००, व्याज ५६. मेचे पैसे ह्यांच्या खात्यावरून एनईएफटीने गेले होते. शेऱ्यात नुसतं "मेंटेनन्स" लिहिलंय, फ्लॅट नंबर नाही.

टॉवर_बी_७०३
सगळे फोनवरून युपीआय करा, असले प्रश्नच येत नाहीत. मी वर्षाचे एकदम भरून टाकतो.

हिशेबनीस
युपीआयलाही शेऱ्यात फ्लॅट नंबर नसेल तर हेच होतं.

पैसे सोसायटीच्या बँकेत नक्की आलेत. नाव सभासदाचं नाही, फ्लॅट कळत नाही, म्हणून हिशेब लिहिणाऱ्याने ते सस्पेन्स खात्यात टाकले असणार. तुमच्या यजमानांच्या बँकेच्या उताऱ्यावर त्या व्यवहाराचा १६ अक्षरी यूटीआर क्रमांक असेल. अर्ज करून दोन गोष्टी मागा: १ एप्रिलपासूनचा तुमच्या फ्लॅटचा खातेउतारा, आणि त्या यूटीआरची रक्कम १२ मे याच तारखेने जमा करणं. सोबत बँक उताऱ्याचं ते पान जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

तारखेचा आग्रह सोडू नका. त्यांनी आजच्या तारखेने ३,२०० जमा केले तर थकबाकी मिटेल, पण ५६ आणि ५७ व्याज तसंच राहील. १२ मेला जमा झाले तर ते १५ च्या आत आले, म्हणून ११३ रुपये पूर्ण उलटे फिरवावे लागतील.

खजिनदार_डोंबिवली
मी आमच्या सोसायटीचा हिशेब बघतो. दर महिन्याला दोन-तीन तरी असे निनावी जमा येतात, आम्ही शोधायचं तरी किती? सभासदांनी नंबर लिहावा.

बाकी ५७ मध्ये मला चूक दिसत नाही. जूनचे ३,२०० आले त्यातून आधी ५६ व्याज वळतं केलं, उरलेले ३,१४४ मुद्दलात गेले. म्हणून मुद्दल ३,२५६ राहिलं आणि त्यावर व्याज ५७.

हिशेबनीस
किंवा ५६ मुद्दलात मिळवून व्याजावर व्याज लावलं असेल, तेव्हाही उत्तर ३,२५६ च येतं. सरळव्याजाने दुसऱ्या महिन्यालाही ५६ च व्हायला हवेत. बिलावरून फरक कळत नाही, खातेउताऱ्यात मुद्दल आणि व्याजाचे रकाने वेगळे असतील तरच कळेल.

निवृत्त_बँकवाला
एका रुपयासाठी एवढं?

हिशेबनीस
एकच बिल दोन वर्षं थकलेल्या सभासदालाही हा फरक शेकड्यांत पडतो.

खजिनदार_डोंबिवली
आधी व्याज, मग मुद्दल, हीच पद्धत आहे. आमच्या ऑडिटरनेही कधी हरकत घेतलेली नाही.

हिशेबनीस
पैसे देताना "जूनच्या बिलापोटी" असं स्पष्ट लिहिलं असेल तर ते तिकडेच धरायला हवेत, असं माझं मत. तुमच्या उपविधींत काय लिहिलंय ते बघा.

वसुधाताई
मीही तेच म्हणणार होते, खातेउतारा मागा. आमच्याकडे द्यायला तीन आठवडे लावले.

मी_पनवेलकर
तोवर काही भरू नका. वठणीवर येतात.

हिशेबनीस
असं करू नका, चालू महिना थांबवलात तर खरीच थकबाकी होईल. १५ च्या आत फक्त ३,२०० भरा, शेऱ्यात फ्लॅट नंबर आणि "जुलै बिल" लिहा. वादातले ३,३१३ राहू द्यात.

सायली_ठाणे
सगळ्यांचे आभार. यूटीआर मिळाला, अर्ज दिला, पोच घेतली. खजिनदारांनी बँकेचं स्टेटमेंट उघडलं, तर १२ मेला ३,२०० ह्यांच्या नावाने दिसतात. पण समितीची सभा पुढच्या महिन्यात, त्याआधी व्याज उलटवता येणार नाही म्हणतात.

ग्राहक थांबणार नाही, म्हणून आज पूर्ण ६,५१३ भरले, फ्लॅट नंबरसह. सोबत पत्र दिलंय की ३,३१३ हरकत राखून भरत आहे. मेचे जमा झाले की तेवढी रक्कम आमच्या खात्यात जास्तीची निघेल, ती परत मागणार आहे.

खजिनदार_डोंबिवली
परत मिळायला वेळ लागेल. थकबाकी नसल्याचं पत्र हातात येण्याआधी खातेउतारा घ्याच.

टॉवर_बी_७०३
फ्लॅट कुठे आहे? किती बीएचके?